फेसबुकची ३५० रुपयांची लीड आणि गूगलची १,२०० रुपयांची लीड: तुलना कोणत्या टप्प्यावर करावी?

प्रश्न: वाकडमधल्या आमच्या २ बीएचके प्रकल्पासाठी गेल्या महिन्यात फेसबुकवर २,८०,००० रुपये खर्चून ८०० लीड्स आल्या, म्हणजे सीपीएल ३५० रुपये. गूगल सर्चवर २,४०,००० रुपयांत २०० लीड्स आल्या, सीपीएल १,२०० रुपये. एजन्सी म्हणते फेसबुकचे बजेट वाढवा. सेल्स टीम म्हणते फेसबुकच्या लीड्स सगळ्या जंक आहेत. दोघांचे म्हणणे एकाच रिपोर्टमध्ये तपासायचे तर तो रिपोर्ट कसा करावा?

उत्तर: सुरुवात जाहिरातीच्या आकड्यांपासून न करता सेल्स टीमच्या नोंदींपासून करा, कारण खर्चाचे आकडे नेमके असतात आणि ‘जंक’ हा शब्द नेमका नसतो. गृहप्रकल्पांच्या प्रीसेल्समध्ये हा शब्द किमान चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. नंबर चुकीचा होता. फोन उचललाच नाही. बोलणे झाले पण समोरची व्यक्ती भाड्याचे घर शोधणारी, नोकरी विचारणारी किंवा स्वतःच ब्रोकर निघाली. आणि बोलणे झाले, व्यक्ती योग्य होती, पण ती घर सहा-आठ महिन्यांनी घेणार होती. यातली पहिली गोष्ट फॉर्मशी संबंधित आहे, दुसरी बहुतेक वेळा आपल्याच कॉलिंगशी, तिसरी जाहिरातीच्या मजकुराशी, आणि चौथ्या प्रकारची लीड तर वाईट नाहीच. या चारही गोष्टी एकाच रकान्यात पडल्या की कोणत्या स्रोताला किती दोष द्यायचा हे ठरवणे अशक्य होते.

म्हणून नोंदवहीत, मग ती सीआरएममध्ये असो की साध्या शीटमध्ये, दोन स्वतंत्र रकाने हवेत. एक ‘संपर्क’ आणि दुसरा ‘पात्रता’. संपर्काच्या रकान्यात फक्त एवढेच लिहायचे: बोलणे झाले, फोन उचलला नाही, नंबर चुकीचा, किंवा आधीच नोंद असलेली लीड. बोलणे झालेले नसेल तर पात्रतेचा रकाना रिकामाच राहिला पाहिजे, हा नियम काटेकोरपणे पाळावा लागतो. आरएनआर झालेल्या, म्हणजे रिंग वाजली पण फोन उचलला गेला नाही अशा लीडवर कंटाळून ‘नॉट इंटरेस्टेड’ असा शिक्का मारण्याची सवय मी जवळपास प्रत्येक टीममध्ये पाहिली आहे, आणि रिपोर्ट बिघडवण्याचे सर्वांत मोठे काम हीच सवय करते. त्या व्यक्तीची इच्छा काय आहे हे अजून कोणालाच माहीत नसते.

‘पात्र’ म्हणजे काय याची व्याख्याही मताने न ठरवता फोनवर मिळालेल्या उत्तरांनी ठरवावी. ‘हॉट, वॉर्म, कोल्ड’ या खुणा टेलिकॉलरगणिक बदलतात. एकाचा वॉर्म तो दुसऱ्याचा कोल्ड असतो. त्याऐवजी तीन प्रश्न पुरेसे आहेत: मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि जीएसटी धरून होणारी एकूण किंमत ऐकूनही ग्राहक पुढे बोलायला तयार आहे का, वाकड हे ठिकाण त्याला चालते का, आणि घर सहा महिन्यांच्या आत घ्यायचे आहे का. तिन्हींची उत्तरे ‘हो’ आली तर लीड पात्र. नसेल तर कोणत्या प्रश्नावर अडली तेवढे लिहावे. त्यात ‘बजेट’ हे कारण आले की थोडे थांबून पाहावे. जाहिरातीत केवळ मूळ किंमत दिलेली असेल आणि टेलिकॉलर एकूण किंमत सांगत असेल, तर ‘बजेट जुळत नाही’ या नोंदींचा ढीग लागतो आणि त्याचे खापर फेसबुकवर फुटते. प्रत्यक्षात ती दुरुस्ती जाहिरातीतल्या एका ओळीची असते.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. तुमच्या लीड्सचे पुढे काय झाले हे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून अशाच एका प्रकल्पाच्या कामात मला जी प्रमाणे दिसली होती ती गोल करून तुमच्या आकड्यांवर बसवतो. हे आकडे केवळ रीत समजण्यासाठी आहेत. तुमच्या नोंदींतून येतील तेच खरे धरावेत.

फेसबुकच्या ८०० पैकी ४० लीड्स आधीच नोंद असलेल्या आणि ६० नंबर चुकीचे निघाले. उरलेल्या ७०० पैकी ३५० जणांशी बोलणे झाले, त्यांतले ८४ पात्र ठरले आणि ३५ जण साइट व्हिजिटला आले. गूगलच्या २०० पैकी १५ अशाच बाद झाल्या, १८५ पैकी १४८ जणांशी बोलणे झाले, ६० पात्र ठरले आणि ३० जण साइटवर आले. प्रत्येक पात्र लीडमागचा खर्च फेसबुकवर ३,३३३ रुपये आणि गूगलवर ४,००० रुपये येतो, तर प्रत्येक साइट व्हिजिटमागचा खर्च दोन्हीकडे बरोबर ८,००० रुपये. लीडच्या पायरीवर जवळपास साडेतीन पटींचा वाटणारा फरक साइट व्हिजिटच्या पायरीवर उरलाच नाही. म्हणजे एजन्सीचा निष्कर्ष इथे टिकत नाही, आणि ‘सगळ्या जंक’ हेही टिकत नाही, कारण या ‘जंक’ ढिगातूनच ३५ कुटुंबे साइट पाहून गेली आहेत.

पण एवढ्यावर रिपोर्ट पूर्ण होत नाही. ज्या ३५० जणांशी बोलणेच झाले नाही ते अजून हिशेबाबाहेर आहेत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी हव्यात: प्रत्येक लीडला किती वेळा फोन केला आणि पहिला फोन लीड आल्यावर किती वेळाने केला. या दोन्ही नोंदी डायलरमधून किंवा कॉल लॉगमधून आपोआप घ्याव्यात. टेलिकॉलरला हाताने भरायला सांगितल्या तर सगळीकडे ‘३ वेळा’ असेच दिसते. त्या प्रकल्पात या ३५० पैकी २१० लीड्सना फक्त एकदा किंवा दोनदा फोन गेला होता. कारणही साधे होते. फेसबुकच्या बऱ्याच लीड्स रात्री जेवणानंतर, नऊ ते बाराच्या दरम्यान येत होत्या, आणि टीम सकाळी दहाला कामाला बसून आधी ताज्या लीड्सना फोन लावत असे. रात्रीच्या लीडला पहिला फोन दुपारी जायचा, तोवर आपण फॉर्म भरला होता हेच ग्राहकाला आठवत नसे. गूगलवर ‘वाकड २ बीएचके’ असे शोधणारी व्यक्ती बहुधा दिवसा, कामाच्या वेळेत शोधत होती आणि तिला वीस मिनिटांत फोन जात होता. अशा वेळी दोन स्रोतांची तुलना म्हणून आपण जे पाहतो त्यात दोन वेगवेगळ्या कॉलिंगची तुलनाही मिसळलेली असते.

आम्ही त्या २१० लीड्सना वेगवेगळ्या वेळी, त्यात संध्याकाळी सात ते साडेआठ ही वेळ मुद्दाम धरून, आणखी चार-चार फोन केले. त्यांतून ६० जणांशी बोलणे झाले, ९ पात्र निघाले आणि ३ साइटवर आले. हा आकडा मोठा नाही, आणि तो तसा असल्याचे रिपोर्टमध्ये लिहिणेही महत्त्वाचे आहे. सेल्स टीमने आळस केला म्हणून लीड्स वाया गेल्या, असा उलटा आरोपही त्यामुळे टिकत नाही. उशिरा बोलणे झालेल्यांमध्ये पात्र लोकांचे प्रमाण २४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले होते. फेसबुकची एकूण बेरीज आता ९३ पात्र लीड्स आणि ३८ साइट व्हिजिट अशी झाली.

यानंतर जाहिरातीच्या बिलात न दिसणारा खर्च धरावा लागतो. एका टेलिकॉलरवर पगार आणि फोन मिळून महिन्याला ३०,००० रुपये जात असतील आणि तो महिन्यात ५०० लीड्स हाताळत असेल, तर प्रत्येक लीडमागे ६० रुपये कॉलिंगचे. गूगलच्या २०० लीड्सवर हे १२,००० होतात, फेसबुकच्या ८०० लीड्सवर ४८,०००. ते मिळवले की साइट व्हिजिटमागचा खर्च फेसबुकवर ८,६३२ रुपये आणि गूगलवर ८,४०० रुपये होतो. सेल्स टीमच्या तक्रारीतला खरा भाग इथे आकड्यात दिसतो: स्वस्त लीडचा बराचसा बोजा त्यांच्या दिवसावर पडत असतो. जाहिरातीच्या बिलावरचा जीएसटी आणि एजन्सीचे शुल्क धरायचे की नाही हे एकदाच ठरवावे, आणि दोन्ही स्रोतांना सारखेच लावावे.

आता माझ्या मते सर्वांत उपयोगी टप्पा. ‘फेसबुक’ आणि ‘गूगल’ ही तुलनेची एककेच फार मोठी आहेत. फेसबुकच्या त्या ८०० लीड्स दोन फॉर्ममधून आल्या होत्या. पहिला साधा, ‘More volume’ प्रकारचा, ज्यात नाव आणि फोन नंबर प्रोफाइलवरून आपोआप भरले जातात आणि दोन स्पर्शांत फॉर्म पाठवता येतो. प्रोफाइलवरचा नंबर जुना असेल तर तोच जातो, आणि चुकीच्या नंबरांचा मोठा वाटा या फॉर्मचा असतो. दुसरा ‘Higher intent’ प्रकारचा, ज्यात पाठवण्यापूर्वी माहिती पुन्हा तपासण्याची पायरी येते. त्यात आम्ही बजेटचा आणि घर कधी घ्यायचे आहे याचा असे दोन प्रश्न घातले होते. पहिल्या फॉर्ममधून १,८०,००० रुपयांत ६०० लीड्स आल्या, सीपीएल ३०० रुपये. दुसऱ्यातून १,००,००० रुपयांत २००, सीपीएल ५०० रुपये. सीपीएलच्या रिपोर्टमध्ये दुसरा फॉर्म महाग दिसत होता आणि एजन्सीने तो बंद करण्याचे सुचवलेही होते.

सेल्सच्या नोंदी जोडल्यावर पहिल्या फॉर्मच्या ६०० लीड्समधून ४५ पात्र आणि १६ साइट व्हिजिट निघाल्या, तर दुसऱ्याच्या २०० मधून ४८ पात्र आणि २२ साइट व्हिजिट. कॉलिंगचा खर्च धरून एका साइट व्हिजिटला पहिला फॉर्म १३,५०० रुपये घेत होता आणि दुसरा ५,०९१. गूगलचे ८,४०० या दोघांच्या मधे बसतात. सेल्स टीमला जो अनुभव येत होता तो खरा होता, फक्त तो पहिल्या फॉर्मचा होता. आणि दिवसभरात त्या फॉर्मच्या लीड्स तिप्पट असल्यामुळे त्यांच्या मनात ‘फेसबुक’ म्हणजे तोच फॉर्म झाला होता.

हे विभाजन करता यावे म्हणून लीडसोबत तिचा उगम सीआरएमपर्यंत पोहोचला पाहिजे. मेटाच्या लीड यादीत `campaign_name`, `adset_name`, `form_name` हे रकाने येतात, पण अनेक ठिकाणी सीआरएममध्ये घेताना नाव आणि नंबर एवढेच घेतले जातात व स्रोत म्हणून केवळ ‘एफबी’ लिहिले जाते. खर्च अॅडसेटच्या पातळीवर सहज मिळतो, म्हणून एका अॅडसेटमध्ये एकच फॉर्म ठेवावा आणि अॅडसेटला लहान, न बदलणारे सांकेतिक नाव द्यावे. लांबलचक अंकी आयडीवर जोडणी करू नये, कारण पंधरापेक्षा जास्त अंकांची संख्या शीटमध्ये गेली की शेवटचे अंक शून्य होतात आणि जुळणी गुपचूप चुकते. एका पात्र लीडमागचा जाहिरात खर्च मग एका सूत्रात येतो. त्यात A रकान्यात अॅडसेटचे नाव आणि पहिल्या ओळीत महिना आहे.

```
=SUMIFS(Spend!C:C, Spend!A:A, $A2, Spend!B:B, B$1)
 / COUNTIFS(Leads!C:C, $A2, Leads!B:B, B$1, Leads!H:H, "पात्र")
```

या सूत्रात `Leads!B` म्हणजे लीड आली तो महिना आहे. साइट व्हिजिट झाली तो महिना नव्हे, आणि हा भेद सांभाळावाच लागतो. घराचा निर्णय आठवडे, कधी महिने घेतो. सप्टेंबरचा खर्च आणि सप्टेंबरमध्ये झालेल्या साइट व्हिजिट यांचा भागाकार केला तर ऑगस्टच्या लीड्सचे श्रेय सप्टेंबरच्या जाहिरातींना जाते. आपल्याकडे हे पितृपक्षात अगदी स्पष्ट दिसते. त्या पंधरवड्यात लोक फॉर्म भरतात, फोनवर बोलतात, पण साइटवर यायचे आणि टोकन द्यायचे घटस्थापनेनंतरवर ढकलतात. त्या लीड्स महिनाअखेरीस निकामी दिसतात आणि दसऱ्याच्या सुमारास पुढे सरकतात. उलट दसऱ्याच्या आठवड्यातल्या जाहिराती प्रत्यक्षाहून सरस दिसतात. म्हणून प्रत्येक महिन्याच्या लीड्सचा गट वेगळा ठेवून त्याचे आकडे ३०, ६० आणि ९० दिवसांनी पुन्हा काढावेत, आणि दोन महिन्यांची तुलना करताना दोन्हींचे वय सारखे असल्याची खात्री करावी.

सेल्स टीमचा अभिप्राय हेही एक मोजमापच आहे, त्यामुळे त्याची अचूकता तपासावी लागते. टेलिकॉलरच्या स्क्रीनवर ‘एफबी’ असे दिसले की त्याचा आवाज बदलतो, प्रश्न कमी होतात आणि दुसऱ्या नकारालाच फोन ठेवला जातो. यात त्याचा दोष नाही. दिवसाला साठ-सत्तर फोन करणारा माणूस आपली शक्ती वाचवणारच. यावर दोन उपाय मला उपयोगी पडले आहेत. एक, दोन आठवड्यांसाठी स्क्रीनवरून स्रोताचा रकाना लपवणे. दुसरा, दर आठवड्याला दोन्ही स्रोतांतून मिळून वीस कॉल रेकॉर्डिंग चिठ्ठ्या टाकून निवडणे आणि ज्याने तो कॉल केला नाही अशा व्यक्तीने, स्रोत न पाहता, तेच तीन प्रश्न लावून शिक्का देणे. वीसपैकी सतरा-अठरा शिक्के जुळत असतील तर नोंदींवर विसंबता येते. पाच-सहा चुकत असतील तर आधी व्याख्या सोपी करावी, आणि तोवर त्या महिन्याच्या आकड्यांवर बजेट हलवू नये.

संख्या लहान असतील तर फरक खरा की योगायोगाचा, हेही पाहावे. यासाठी ढोबळ रीत अशी की मोजलेल्या संख्येचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट तिच्यातून वजा करून आणि तिच्यात मिळवून पाहायची. फेसबुकच्या ३८ आणि गूगलच्या ३० साइट व्हिजिटना ही रीत लावली तर ८,६३२ आणि ८,४०० यांत काहीच फरक धरता येत नाही. दोन फॉर्मचे मात्र तसे नाही. पहिल्या फॉर्मच्या १६ साइट व्हिजिट नशिबाने कमी आल्या असे मानून २४ धरल्या तरी खर्च ९,००० रुपये होतो, आणि दुसऱ्याच्या २२ जास्त आल्या असे मानून १३ धरल्या तरी ८,६१५. सर्वांत प्रतिकूल गृहीतकातही दुसरा फॉर्म मागे पडत नाही, म्हणून त्यावर निर्णय घेता आला. बुकिंगच्या बाबतीत महिन्याला एका स्रोतातून दोन आणि दुसऱ्यातून तीन अशी संख्या असेल तर त्यावरून स्रोत निवडू नये. बुकिंगची तुलना दोन तिमाहींचे गट एकत्र करूनच करावी.

नोंदी भरवशाच्या झाल्या की त्या जाहिरात यंत्रणेकडे परत पाठवता येतात. गूगलमध्ये क्लिकसोबत येणारा `gclid` सीआरएममध्ये जपून ठेवला तर पात्र ठरलेल्या लीड्स ऑफलाइन कन्व्हर्जन म्हणून चढवता येतात, पण क्लिकनंतर ९० दिवसांच्या आत. मेटाकडे कन्व्हर्जन्स एपीआयमधून लीडच्या आयडीसह तिचा टप्पा पाठवता येतो. दोन्हीकडे ‘बुकिंग’ हा टप्पा पाठवण्याचा मोह टाळावा, कारण तो इतका विरळ आणि उशिरा येतो की यंत्रणेला त्यातून शिकण्याजोगे काही हाती लागत नाही. ‘पात्र’ हा टप्पा पुरेशा संख्येने आणि काही दिवसांत येतो. रेकॉर्डिंगची तपासणी झाल्याशिवाय मात्र तोही पाठवू नये. आरएनआरला ‘अपात्र’ म्हणणारी नोंद यंत्रणेकडे गेली तर ती रात्री फॉर्म भरणाऱ्या नोकरदार ग्राहकांनाच टाळायला शिकेल.

तुमच्या बाबतीत पुढच्या चार आठवड्यांसाठी मी असे सुचवेन. दोन्ही स्रोतांचे बजेट आहे तेवढेच ठेवा आणि फेसबुकच्या रकमेतला अर्धा भाग दोन प्रश्नांच्या फॉर्मकडे वळवा. संध्याकाळच्या फोनसाठी एका टेलिकॉलरची पाळी दुपारी बारा ते रात्री नऊ अशी करा आणि आदल्या रात्री नऊनंतर आलेल्या लीड्सना सकाळची पाळी दहा वाजता, इतर कोणत्याही लीडआधी, फोन लावेल असे ठरवा. एजन्सीच्या रिपोर्टमध्ये सीपीएलचा रकाना राहू द्या, पण त्याच्या शेजारी त्याच अॅडसेटची संपर्क झालेली टक्केवारी, पात्र लीडचा खर्च आणि साइट व्हिजिटचा खर्च हे तीन रकाने सेल्सच्या नोंदींतून भरले जावेत, आणि आठवड्याच्या बैठकीत एजन्सीची व्यक्ती व प्रीसेल्सचा प्रमुख या दोघांनी एकाच शीटसमोर बसून आठवड्यातली किमान पाच रेकॉर्डिंग एकत्र ऐकावीत.